आयईएलटीएस परीक्षेच्या दिवसाची कार्यपद्धती

आयईएलटीएस परीक्षेच्या दिवसाची कार्यपद्धती म्हणजे या इंग्रजी भाषाचाचणीच्या दिवशी ओळखतपासणी, केंद्रावरील उपस्थिती, सोबत नेण्याच्या वस्तू आणि परीक्षेतील तांत्रिक अडचणी यांबाबत पाळावयाचे नियम होत. ही परीक्षा ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्थांच्या संयुक्त मालकीची असून १९८९ पासून घेतली जाते. परदेशी विद्यापीठांतील प्रवेश आणि स्थलांतर यांसाठी तिचे गुण मागितले जात असल्याने महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थीही ती देतात. प्रस्तुत लेख मुख्यतः संगणकावर घेतल्या जाणाऱ्या परीक्षेविषयी आहे.

ओळखपत्र

भारतात या परीक्षेसाठी पारपत्र हेच ओळखपत्र म्हणून चालते. नोंदणी करताना ज्या पारपत्राचा क्रमांक दिला, तेच मूळ पारपत्र परीक्षेच्या दिवशी दाखवावे लागते आणि त्याची मुदत त्या दिवशी संपलेली नसावी लागते. छायाप्रत किंवा भ्रमणध्वनीवरील छायाचित्र ग्राह्य धरले जात नाही. नोंदणीनंतर पारपत्राचे नूतनीकरण झाल्यास त्याचा क्रमांक बदलतो, म्हणून ही बाब परीक्षेपूर्वीच केंद्राला कळवावी लागते.

महाराष्ट्रात नावाच्या मांडणीमुळे वेगळी अडचण उद्भवू शकते. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा रूढ पद्धतीत मधले नाव काही कागदपत्रांवर असते, तर काहींवर नसते. विवाहानंतर नाव बदलले असल्यास हा फरक अधिक वाढतो. अशा वेळी गुणपत्रिका किंवा आधारपत्र प्रमाण न मानता पारपत्रावर जसे छापले आहे तसेच नाव नोंदणीत देणे आवश्यक असते. संगणकाच्या पहिल्या पडद्यावर परीक्षार्थीचे नाव व इतर तपशील दिसतात. त्यांत चूक आढळल्यास परीक्षा सुरू होण्याआधीच पर्यवेक्षकास सांगावे लागते.

उपस्थिती आणि वस्तू

केंद्रावर पोहोचण्याची वेळ परीक्षार्थीला ई-पत्राने कळवली जाते. ती परीक्षा सुरू होण्याच्या वेळेपेक्षा बरीच आधीची असते, कारण मधल्या काळात सामान जमा करणे, पारपत्राची तपासणी आणि छायाचित्र घेणे ही कामे व्हायची असतात. उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो. श्रवण, वाचन आणि लेखन या तीन चाचण्या सलग होतात व त्यांना मिळून सुमारे २ तास ४० मिनिटे लागतात. त्यांच्या दरम्यान मध्यंतर नसते. संभाषणाची चाचणी त्याच दिवशी किंवा वेगळ्या दिवशी होऊ शकते आणि तिच्या वेळीही तेच पारपत्र दाखवावे लागते.

परीक्षाकक्षात पारपत्र आणि पारदर्शक बाटलीतील पाणी नेता येते. भ्रमणध्वनी, सर्व प्रकारची घड्याळे, पिशव्या आणि स्वतःचे हेडफोन बाहेर ठेवावे लागतात. उरलेला वेळ संगणकाच्या पडद्यावर दिसतो, तर टिपणांसाठी कागद व पेन्सिल केंद्राकडून मिळते. बंद केलेला भ्रमणध्वनी खिशात राहणे हादेखील नियमभंग ठरतो आणि त्यामुळे परीक्षा रद्द होऊ शकते.

श्रवणचाचणीतील ध्वनिदोष

श्रवणचाचणीचे ध्वनिमुद्रण सुमारे ३० मिनिटांचे असून ते एकदाच ऐकवले जाते. तिचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात १० प्रश्न असतात. वाचनाच्या चाचणीत हुकलेल्या उताऱ्याकडे पुन्हा वळता येते. येथे मात्र न ऐकू आलेले वाक्य परत मिळत नाही. त्यामुळे दोष केव्हा कळवला याला मोठे महत्त्व येते.

दोष ओळखण्याची पहिली संधी परीक्षेपूर्वी मिळते. परीक्षार्थीला हेडफोन लावून पडद्यावरील Play sound ही कळ दाबायची असते व नमुना आवाज ऐकायचा असतो. या वेळी दोन्ही कानांत आवाज येतो का, तो स्पष्ट आहे का आणि हेडफोनची तार हलवल्यावर तो तुटतो का, हे पाहता येते. आवाज लहान-मोठा करण्याची पट्टी परीक्षा चालू असतानाही वापरता येते, म्हणून केवळ आवाज कमी असणे हा दोष मानला जात नाही. पट्टी सरकवूनही खरखर राहिली, एका बाजूचा आवाज बंद असला किंवा तो मध्येच खंडित होत असला, तर उपकरणात बिघाड असल्याचे समजावे.

चाचणी सुरू झाल्यावर असा दोष जाणवल्यास त्याच क्षणी हात वर करून पर्यवेक्षकास खुणावणे हा एकच योग्य मार्ग होय. अनेक परीक्षार्थी ध्वनिमुद्रण चालू असताना हात वर केल्यास पुढील उत्तरे हुकतील या भीतीने भाग संपण्याची वाट पाहतात. तोपर्यंत नुकसान वाढते आणि दोष नेमका कोणत्या वेळी होता याची नोंदही राहत नाही. हेडफोन बदलणे किंवा दुसऱ्या संगणकावर बसवणे यांपैकी योग्य तो उपाय केंद्राचे कर्मचारी ठरवतात. हुकलेला भाग पुन्हा ऐकवला जाईल, असे परीक्षार्थीने गृहीत धरता येत नाही.

उदाहरण

एका परीक्षार्थीचे श्रवणात ४० पैकी ३० प्रश्न बरोबर येणे अपेक्षित आहे असे मानू. यासाठी साधारणपणे ७ बँड मिळतो. तिसऱ्या भागात आवाज तुटत राहिल्याने त्याचे ७ प्रश्न गेले, तर बरोबर उत्तरे २३ उरतात आणि बँड साधारणपणे ६ वर येतो. वाचनात ६.५, लेखनात ६ व संभाषणात ६ असे त्याचे गुण असल्यास, श्रवणात ७ धरून चारही विभागांची सरासरी ६.३७५ येते व एकूण बँड ६.५ होतो. श्रवणात ६ मिळाल्यास सरासरी ६.१२५ येते व एकूण बँड ६ राहतो. ६.५ मागणाऱ्या अभ्यासक्रमाचा प्रवेश अशा प्रकारे एका सदोष तारेमुळे हुकू शकतो.

तक्रार आणि नंतरचे मार्ग

परीक्षेच्या परिस्थितीचा कामगिरीवर परिणाम झाला असे वाटल्यास तशी तक्रार त्याच दिवशी, केंद्र सोडण्यापूर्वी नोंदवणे अपेक्षित असते. पर्यवेक्षकास तोंडी सांगितले असले तरी लेखी नोंद झाली आहे याची खात्री करून घेणे हिताचे ठरते. नोंदीत आसन क्रमांक, चाचणीचा भाग, अंदाजे प्रश्नक्रमांक आणि दोषाचे स्वरूप एवढा तपशील असावा. ‘आवाज नीट नव्हता’ या मोघम वाक्यापेक्षा ‘प्रश्न २३ ते २९ च्या वेळी डाव्या बाजूचा आवाज बंद होता’ हे विधान तपासता येते.

निकालानंतर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत सशुल्क फेरतपासणी मागता येते. मात्र तिच्यात दिलेली उत्तरेच पुन्हा तपासली जातात. आवाज न आल्याने रिकामी राहिलेली उत्तरे त्यामुळे भरून निघत नाहीत. जेथे उपलब्ध असेल तेथे संगणकावर परीक्षा दिलेल्या व्यक्तीस मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत एकाच विभागाची पुनर्परीक्षा देता येते. हा पर्याय वापरण्यापूर्वी संबंधित विद्यापीठ किंवा स्थलांतर कार्यालय असा निकाल स्वीकारते का, हे तपासून पाहावे लागते.