हट्टी रक्तदाब: लटक्या उपचाराने शिकवलेला धडा

आजची गोष्ट अशा रक्तदाबाची, जो तीन औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही १४०/९० च्या खाली येत नाही. त्या तिघांत एक लघवी वाढवणारं औषध हवंच. वैद्यकशास्त्र याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतं. आपण साधं ‘हट्टी रक्तदाब’ म्हणू.

मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या नसा दाब वाढवतात, हे जुनं ज्ञान. १९३०-५० च्या काळात सर्जन पाठीतून अशा नसा कापत. दाब उतरायचा, पण रोगी उभा राहिला की चक्कर येऊन पडायचा. गोळ्या आल्या आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. मग २००९ साली हेन्री क्रम आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नवी वाट दाखवली. जांघेतल्या धमनीतून कॅथेटर मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत न्यायचा आणि भिंतीतल्या नसा उष्णतेने निकामी करायच्या. हेच रीनल डिनर्व्हेशन. पुढच्याच वर्षी १०६ रुग्णांच्या चाचणीत वरचा दाब सरासरी ३२ अंकांनी उतरला. तुलनेच्या गटात तो जवळपास होता तिथेच राहिला. एवढा आकडा पाहून कोण हुरळणार नाही?

पण त्या चाचणीत कुणाला उपचार झाला, हे रुग्णालाही ठाऊक होतं आणि डॉक्टरलाही. म्हणून २०१४ च्या सिम्प्लिसिटी एचटीएन-३ मध्ये ५३५ रुग्ण घेतले आणि एका गटाला लटका उपचार दिला: तेच टेबल, तीच गुंगी, धमनीचं चित्र घेतलं, पण नसांना हात लावला नाही. सहा महिन्यांनी खऱ्या गटात दाब १४ ने उतरला. लटक्या गटात? जवळपास १२ ने! फरक दोनच अंकांचा, संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा.

हे बारा अंक आले कुठून? इथेच गोष्टीचं मर्म आहे. चाचणीत आलेला माणूस गोळ्या नेमाने घेऊ लागतो. दवाखान्याची धास्ती हळूहळू ओसरते. आणि आधी फार चढलेला आकडा पुढच्या मोजणीत आपोआप थोडा खाली येतो. म्हणजे त्या हट्टीपणातला बराचसा भाग दाबाचा नव्हताच. तो मोजण्याचा आणि गोळ्या चुकण्याचा होता.

हाच धडा आपल्या तपासणीच्या खोलीत आणू. समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या काकू आल्या. तीन औषधं चालू, दाब १६८/९८. चौथी गोळी लिहायची? थांबा. दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर, आणि पट्टा लहान. लहान पट्टा दाब जास्त दाखवतो. मोठा पट्टा बांधून, पाच मिनिटं गप्प बसवून मोजला: १५६. मग चोवीस तासांचं यंत्र लावलं. दिवसाची सरासरी १३५/८५ च्या खाली असती, तर तो पांढऱ्या कोटाचा दाब ठरला असता. काकूंची आली १४८/८८. म्हणजे दाब खरा आहे. आता गोळ्या. “घेता ना?” या प्रश्नाला उत्तर नेहमी “हो” येतं. त्यापेक्षा विचारावं, “गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?” काकू म्हणाल्या, “प्रवासात दोन-तीनदा. ती लघवीची गोळी प्रवासात कोण घेईल!” तिन्ही औषधं एका गोळीत देऊन, वेळ बदलून महिन्याने पुन्हा मोजलं: १४३. अजूनही जास्त.

आता चौथ्या औषधाची पाळी. २०१५ च्या पाथवे-२ चाचणीत ३३५ रुग्णांना स्पिरोनोलॅक्टोन, बायसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि नुसती गोळी आळीपाळीने दिली. मोजणी घरची. स्पिरोनोलॅक्टोन, २५ ते ५० मिलिग्रॅम, सरस ठरलं: नुसत्या गोळीपेक्षा ८.७ अंक जास्त उतार. कारण अनेकांचा हट्ट मिठाचा असतो. अल्डोस्टेरॉन मीठ-पाणी धरून ठेवतं, हे औषध त्यालाच अडवतं. पण पोटॅशियम चढतं. म्हणून मूत्रपिंड दुबळं असेल तर जपून, आणि सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासायचं. पुरुषांत छाती दुखते, सुजते, तेव्हा दुसरा पर्याय पाहावा लागतो. काकूंना पंचवीसने भागलं: १३१.

मग डिनर्व्हेशन संपलं का? नाही. पुढच्या चाचण्या जास्त काटेकोर झाल्या. २०२१ च्या रेडियन्स ट्रायोमध्ये सगळ्यांना तीन औषधांची एकच गोळी दिली, लटका गट ठेवला. फरक उरला साडेचार अंकांचा. छोटा, पण खरा. अशाच चाचण्यांच्या बळावर नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन यंत्रणांना मान्यता दिली.

म्हणजे जागा ठरली: पट्टा, घरची मोजणी, गोळ्या आणि चौथं औषध यांच्यानंतर. ज्याला स्पिरोनोलॅक्टोन सोसत नाही, किंवा ते देऊनही दाब खरोखर चढलेला राहतो, त्याच्यासाठी. आणि कुणाचा दाब उतरेल हे आधी सांगता येत नाही, हेही रुग्णाला सांगून. बत्तीस अंकांचं आश्वासन मात्र आता कुणी देऊ नये.