ग्राहकचित्र (ऑनलाइन कपडेविक्री)

जुन्या ऑर्डरींच्या नोंदींवरून बेतलेले प्रातिनिधिक गिऱ्हाइकाचे वर्णन. यालाच 'पर्सोना' म्हणतात. लहान दुकानात वर्षभराच्या ऑर्डरी मोबाइल क्रमांकानुसार एकत्र करून प्रत्येकाची शेवटची खरेदी, एकूण खरेद्या, रक्कम आणि परत आलेले नग मांडतात. वयाचे तर्क त्यानंतर. समजा, काही जणी एकच कुर्ती एम आणि एल अशा दोन्ही मापांत मागवतात व एक परत करतात. त्या चंचल नव्हेत, त्यांना मापाची खात्री नाही. सवलतीपेक्षा छाती-कमरेच्या इंचांचा तक्ता त्यांच्या कामाचा. भेट म्हणून पाठवलेल्या ऑर्डरी मात्र फसवतात : पिनकोड भेट मिळणाऱ्याचा असतो, पैसे देणाऱ्याचा नव्हे. पाच-सहा ऑर्डरींवर उभे केलेले चित्र निव्वळ कल्पना ठरते. शिवाय, कपडे पाहून न घेता गेलेले लोक या नोंदींत येतच नाहीत.