साधी, जबर आणि राखून ठेवलेली: जखमेच्या एका दाखल्यावरील भाष्य

हा दाखला भाष्यासाठी रचलेला नमुना आहे. ओळी मात्र ग्रामीण रुग्णालयातून रोज बाहेर पडणाऱ्या कागदांवर असतात तशाच आहेत. प्रसंग असा धरला आहे: २०२५ साल, बांधावरून भांडण, चाळिशीतल्या एका शेतकऱ्याला काठीने मारहाण. पोलिसांनी मेडिकल यादी देऊन त्याला रुग्णालयात पाठवले आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने इंजुरी सर्टिफिकेट लिहिले. दाखला इंग्रजीत आहे. घरच्यांना तो मराठीत समजून हवा आहे. प्रत्येक ओळीखाली आधी घरच्यांना सांगायचे मराठी आणि मग त्यामागचा अर्थ दिला आहे.

ओळ १. अलेज्ड हिस्टरी ऑफ असॉल्ट बाय स्टिक, अ‍ॅज टोल्ड बाय पेशंट.

*मराठी: काठीने मारहाण झाली, असे रुग्णाने स्वतः सांगितले.*

‘अलेज्ड’साठी ‘कथित’ लिहिले की घरचे दुखावतात. डॉक्टरांनी आपल्याला खोटे ठरवले असे त्यांना वाटते. या शब्दात अविश्वास नाही. डॉक्टर भांडणाच्या जागी नव्हते, म्हणून ऐकलेले आणि पाहिलेले ते वेगवेगळे ठेवतात. ही एक ओळ ऐकलेली आहे आणि पुढच्या सगळ्या पाहिलेल्या आहेत. पुढे न्यायालयात या ओळीचा उपयोग होतो, कारण पहिल्याच भेटीत रुग्णाने काय सांगितले हे तिच्यात नोंदलेले असते. तो ‘पडलो’ म्हणाला असता तर तेही इथेच लिहिले गेले असते आणि फिर्यादीशी जुळले नसते. मारणाऱ्याचे नाव मात्र दाखला ठरवत नाही. ते शोधणे तपासाचे काम आहे.

ओळ २. सी.एल.डब्ल्यू. ओव्हर लेफ्ट पॅरायटल रीजन, ५ × ०.५ सें.मी., बोन डीप.

*मराठी: डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, मार लागून त्वचा फाटली आहे, लांबी ५ सें.मी., रुंदी अर्धा सें.मी., खोली हाडापर्यंत.*

सी.एल.डब्ल्यू. म्हणजे कापल्याने नव्हे, तर बोथट वस्तूच्या माराने चिरडून फाटलेली जखम. डोक्यावर कातडीखाली लगेच कवटी असल्यामुळे काठीचा मारही कातडी सरळ रेषेत उकलतो आणि जखम सुरीने कापल्यासारखी दिसते. म्हणून डॉक्टर कडा नीट पाहतात. कडा खरचटलेल्या व चेचलेल्या असतील आणि फटीत ऊतींचे धागे तुटायचे राहिले असतील तर ती फाटलेली जखम. घरच्यांनी ‘कोयत्याने मारले’ म्हटले आणि दाखल्यात ही ओळ निघाली, तर बचाव पक्ष नेमका तिथेच बोट ठेवतो.

‘बोन डीप’ ऐकले की घरचे ‘हाड फुटले’ असे समजतात. त्याचा अर्थ एवढाच की जखमेच्या तळाशी हाड लागते. हाड फुटले की नाही, हे या दोन शब्दांत सांगितलेलेच नाही.

ओळ ३. स्वेलिंग अँड टेंडरनेस ओव्हर लेफ्ट फोरआर्म. एक्स-रे अ‍ॅडव्हाइज्ड.

*मराठी: डाव्या हाताला, कोपर ते मनगट या भागात सूज आहे आणि दाबले की दुखते. एक्स-रे काढायला सांगितला आहे.*

टेंडरनेस म्हणजे नुसते दुखणे नव्हे, तर तपासताना दाबल्यावर होणारी वेदना. डोक्याला टाके पडलेत, रक्ताने सदरा भिजलाय, त्यामुळे हाताच्या सुजेकडे घरचे लक्षच देत नाहीत. जाणकार मात्र या ओळीपाशी थबकतो. काठी डोक्यावर येताना माणूस हात आडवा धरतो आणि करंगळीच्या बाजूचे हाड, म्हणजे अल्ना, मधोमध मार झेलते. बचावात होणारा हा नेहमीचा अस्थिभंग आहे. सूज त्या जागी असेल तर एक्स-रे चुकवायचा नाही.

ओळ ४. अ‍ॅब्रेजन ओव्हर राइट नी, २ × १ सें.मी., रेडिश.

*मराठी: उजव्या गुडघ्यावर खरचटले आहे, २ बाय १ सें.मी., रंग लालसर.*

रंगावरून जखमेचे वय ताडता येते. ताजे खरचटणे लाल आणि ओलसर असते. अर्ध्या ते एका दिवसात त्यावर खपली धरू लागते.

ओळ ५. एज ऑफ इंजुरीज: विदिन २४ अवर्स. वेपन: हार्ड अँड ब्लंट.

*मराठी: जखमा तपासणीच्या आधीच्या २४ तासांतल्या आहेत. टणक व बोथट वस्तूने झालेल्या असू शकतात.*

‘एज’ म्हणजे इथे जखमेचे वय. रुग्णाचे वय वर वेगळ्या रकान्यात असते. ‘टणक व बोथट’मध्ये काठी येते तसा दगड येतो, बांधाची कडक जमीनही येते. त्यामुळे ही ओळ काठीला दुजोरा देते, पण काठीच होती असे सिद्ध करत नाही. घरच्यांना हा फरक आधीच सांगितला तर उलटतपासणीत ‘पडूनही अशी जखम होऊ शकते का?’ या प्रश्नाला डॉक्टर ‘हो’ म्हणतील तेव्हा डॉक्टर फिरले असे त्यांना वाटणार नाही.

ओळ ६. इंजुरी नंबर ३: सिंपल.

*मराठी: गुडघ्याचे खरचटणे ही साधी दुखापत आहे.*

इथपासून दाखला वैद्यकातून कायद्यात शिरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ‘जबर दुखापत’ म्हणजे काय, याचे आठ प्रकार दिले आहेत: पुंसत्व नष्ट होणे, एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, एका कानाचे ऐकणे कायमचे जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, त्याची शक्ती कायमची नष्ट किंवा क्षीण होणे, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, आणि जिवाला धोका पोचवणारी, किंवा १५ दिवस तीव्र शारीरिक वेदना देणारी वा नेहमीचे व्यवहार करू न देणारी दुखापत. या आठांत जी बसत नाही ती साधी. जुन्या दंड संहितेत शेवटच्या प्रकारात २० दिवस होते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला तीच मुदत लागू होते.

म्हणून ‘सिंपल’चे ‘किरकोळ’ करू नये. मांडीवर वीतभर जखम असली आणि वीस टाके पडले, तरी ती या आठांत बसली नाही तर साधीच राहते. उलट एक दात पडला तरी दुखापत जबर. वेदना किती झाली, खर्च किती आला, हे ही विभागणी मोजत नाही. ‘पंधरा दिवस अ‍ॅडमिट होता’ एवढ्यानेही जबर ठरत नाही. त्या दिवसांत तीव्र वेदना होत्या किंवा नेहमीचे काम करता येत नव्हते, हे दिसावे लागते.

साध्या दुखापतीचा परिणाम मात्र घरच्यांना स्पष्ट सांगायला हवा. हाताने किंवा साध्या काठीने केलेली साधी दुखापत कलम ११५(२) मध्ये येते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात एन.सी. नोंदवली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हत्यार कापणारे, भोसकणारे किंवा वापरले तर जीव जाऊ शकेल असे असेल, तर साध्या दुखापतीलाही कलम ११८(१) लागते. काठी त्यात बसते की नाही, हे तिची जाडी, लोखंडी टोक आणि मारण्याची जागा पाहून ठरते.

ओळ ७. इंजुरी नंबर १ अँड २: ओपिनियन रिझर्व्ह्ड, पेंडिंग सी.टी. अँड एक्स-रे.

*मराठी: डोक्याची आणि हाताची दुखापत साधी की जबर, हे आज ठरवलेले नाही. सी.टी. स्कॅन आणि एक्स-रेचे अहवाल आल्यावर डॉक्टर लेखी अभिप्राय देतील.*

घरचे हीच ओळ सर्वांत चुकीची वाचतात. कुणी समजते की डॉक्टरांना शंका आहे, कुणी म्हणते समोरच्याने पैसे चारले. अभिप्राय राखून ठेवणे म्हणजे पुरावा हाती येईपर्यंत थांबणे. कवटीला तडा असेल तर डोक्याची दुखापत जबर, नसेल तर बहुधा साधी. हे डोळ्यांनी सांगता येत नाही. घाईने ‘सिंपल’ लिहून नंतर बदलण्यापेक्षा राखून ठेवणेच रुग्णाच्या हिताचे.

धोका वेगळाच आहे: राखलेला अभिप्राय राखलेलाच राहतो. घरचे घाबरून रुग्णाला खासगी दवाखान्यात हलवतात, तिथे एक्स-रे होतो, प्लास्टर चढते, आणि प्लेट घरच्या कपाटात पडून राहते. इकडे दाखल्यात अस्थिभंगाचा उल्लेखच नसतो आणि अनेकदा प्रकरण एन.सी.वरच अडकते. म्हणून भाषांतराखाली पुढची पावलेही लिहून द्यावीत. प्लेटवर रुग्णाचे नाव, तारीख, शक्यतो एम.एल.सी. क्रमांक आणि डावा-उजवा दाखवणारी खूण आहे का, ते पाहावे. नाव नसलेली प्लेट कुणाचीही असू शकते, असे न्यायालयात म्हणता येते. प्लेट आणि रेडिओलॉजिस्टचा सहीचा अहवाल तपास अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावा. तपास अधिकारी हे कागद पत्रासोबत वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवून अंतिम अभिप्राय मागवतात.

पुरवणी दाखला. एक्स-रे: फ्रॅक्चर शाफ्ट ऑफ लेफ्ट अल्ना. सी.टी.: नो बोनी इंजुरी. इंजुरी नंबर २ ग्रीव्हस, नंबर १ सिंपल.

*मराठी: डाव्या हाताचे अल्ना हाड मध्यभागी मोडले आहे. डोक्याच्या हाडाला इजा नाही. हाताची दुखापत जबर, डोक्याची साधी.*

आता घरचे हमखास विचारतात, “साहेब, डोक्याला सात टाके पडले ते साधं, आणि नुसता सुजला होता तो हात जबर?” उत्तर सातव्या प्रकारात आहे: हाड मोडले. तडा आरपार जायलाच हवा असेही नाही. हाडाची भेग किंवा फूट अस्थिभंगात धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल प्रकरणात सांगितले आहे. डोक्यावरचा व्रण केसांत झाकला जातो, त्यामुळे तो सहसा विद्रूपतेतही बसत नाही.

‘ग्रीव्हस’चे ‘चिंताजनक’ असे भाषांतर केले तर घरी रडारड सुरू होते. अल्ना मोडलेला हा माणूस त्याच संध्याकाळी चालत घरी जाऊ शकतो. ‘जबर’ हा कायद्यातला वर्ग आहे; रुग्णाच्या आजच्या प्रकृतीशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

या एका ओळीने कलम ११५(२) मागे पडते आणि ११७(२) येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना तपास करावाच लागतो. गुन्हा जामीनपात्र मात्र राहतो. त्यामुळे आरोपी दुसऱ्या दिवशी गावात दिसला तर कागद फिरवला असे समजू नये, हेही घरच्यांना याच बैठकीत सांगावे. शेवटी डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख वाचता येते का, ते पाहावे. हा कागद न्यायालयात त्यांच्या साक्षीनेच सिद्ध होणार असतो आणि खटला उभा राहीपर्यंत त्यांची बहुधा बदली झालेली असते.