शब्दवेध : मसूर
मोतीबिंदूसह डोळ्यातील नैसर्गिक भिंग काढल्यावरच्या अवस्थेस ‘अफेकिया’ म्हणतात. त्यातील ग्रीक ‘फाकोस’ आणि लॅटिन ‘लेन्स’, दोहोंचा मूळ अर्थ मसूर. देहूरोडच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेल्या आमच्या अण्णांच्या अधिक १२ नंबरच्या चष्म्यात, गेलेली ही मसूर जणू पुन्हा बसवली होती : जवळजवळ बिननंबरी काचेच्या मध्यभागी फुगीर गोल, कारण साऱ्या काचेस तो नंबर दिला असता तर तिची जाडी व वजन नाकास पेलले नसते. हेच ‘लेंटिक्युलर’, अर्थात मसुराकार, भिंग. त्यातून वस्तू सुमारे सव्वापट मोठी दिसे, आणि कडेशी किरण प्रिझमप्रमाणे वळल्याने दृष्टिक्षेत्रात एक अंध कंकण राही. बाजूने येणारी सायकल त्यात लुप्त होऊन अकस्मात पुढ्यात प्रकटे. कडेकडे वक्रता मंदावत नेणाऱ्या ‘अस्फेरिक’ भिंगाने ते कंकण अरुंद होई, नाहीसे मात्र होत नसे.