आठव्या वर्षाचा संस्कार : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील बालपण आणि लिंगभावाची घडण

प्रस्तावना

स्त्री आणि पुरुष यांच्यातील शारीरिक भेद निसर्गदत्त आहे. त्या भेदाला समाज जो अर्थ देतो, तो मात्र मानवनिर्मित असतो. पहिल्यास 'लिंग' आणि दुसऱ्यास 'लिंगभाव' असे संबोधले जाते. ॲन ओकली यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा भेद समाजशास्त्रीय अभ्यासासाठी स्पष्टपणे मांडला. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबांमधील बालपणाच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

एकच वय, दोन संस्कार

वयाच्या आठव्या वर्षी मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरांत फारच थोडा फरक असतो. तरीही त्यांच्या वाटा याच सुमारास वेगळ्या होत. मुलाची मुंज आठव्या वर्षी करावी, असा धर्मशास्त्राचा संकेत होता. मुंजीत 'मातृभोजन' नावाचा विधी असतो. त्यात मुलगा आईसोबत अखेरचा जेवतो आणि त्यानंतर तो स्त्रियांच्या विश्वातून बाहेर पडून अध्ययनाचा अधिकारी ठरतो. म्हणजेच पुरुषत्वसुद्धा जन्माने आपोआप प्राप्त होत नव्हते; ते विधिपूर्वक घडविले जात होते.

मुलीसाठी मात्र विवाह हेच उपनयन होय, असे मनुस्मृती सांगते. पतिसेवा हा तिचा गुरुगृहवास आणि गृहकृत्ये ही तिची अग्निपरिचर्या. या व्यवस्थेत मुलीची भातुकली हा निव्वळ खेळ राहत नाही. चूल, बोळकी आणि लुटुपुटीचे लग्न यांतून पुढील आयुष्याचा सराव होत असे. मुलाच्या हाती पाटी आणि मुलीच्या हाती बोळकी देणारा निर्णय शरीराचा नसून कुटुंबाचा होता.

दोन रमाबाई

हा निर्णय बदलल्यास काय घडते, हे दोन समकालीन स्त्रियांच्या बालपणावरून ध्यानात येते. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले होते. रमाबाई सुमारे आठ वर्षांच्या असताना आईने त्यांना शिकविण्यास प्रारंभ केला. ज्या वयात इतर मुलींचे विवाह ठरत, त्या वयात त्या संस्कृत श्लोक मुखोद्गत करीत होत्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरव केला.

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ चा. त्यांच्या माहेरी मुलींना शिकविण्याची रीत नव्हती. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. विवाहानंतर पतीने त्यांना शिकविले. पुढे त्यांनी इंग्रजी आत्मसात केले, सभांतून भाषणे केली आणि पुण्यातील सेवासदनाचे नेतृत्व केले.

दोघी एकाच वर्णातील, जवळपास एकाच वयाच्या. अकराव्या वर्षी त्यांच्यात असलेले अंतर लिंगभेदाने स्पष्ट होत नाही. तसेच ते जन्मजात बुद्धीचेही म्हणता येत नाही. कारण संधी मिळताच रमाबाई रानडे यांनी ते पुष्कळसे भरून काढले. विशेष म्हणजे त्यांच्या शिक्षणाला घरातून झालेला विरोध प्रामुख्याने वडीलधाऱ्या स्त्रियांचा होता, असे त्यांच्या आठवणींवरून दिसते. ज्या संस्कारांत या स्त्रिया वाढल्या, त्यांचेच रक्षण त्या करीत होत्या. सामाजिकीकरण बाहेरील सक्तीपेक्षा आप्तांच्या हातून अधिक परिणामकारक होते, ते असे.

शरीराची मर्यादा

याचा अर्थ शरीर गौण आहे, असा नव्हे. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाच्या बालवधूचा पतीच्या बळजबरीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर्षे केले, तेव्हा महाराष्ट्रातही मोठा वाद माजला. येथे 'पत्नी' ही सामाजिक भूमिका शरीर सिद्ध होण्यापूर्वीच लादली गेली होती. लिंगभाव हा निसर्गाचाच विस्तार असता, तर तो निसर्गाच्या इतका विरोधात गेला नसता.

निष्कर्ष

केवळ दोन चरित्रांवरून सर्व समाजाविषयी सिद्धांत मांडता येणार नाही. शेतकरी व श्रमिक जातींतील मुलींचे बालपण शेतात आणि गुरांमागे जात असे. तेथे 'बायकी काम' याची व्याख्याच निराळी होती. परंतु हा जातिनिहाय फरकही वरील प्रतिपादनास पुष्टी देतो. शरीर सर्वत्र सारखे असताना मुलीपणाचे अर्थ जातीनुसार, कुटुंबानुसार आणि काळानुसार बदलत होते. आठव्या वर्षी कोणाच्या हाती काय दिले जाते, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच शरीरशास्त्रात न शोधता इतिहासात शोधावे लागते.