साक्षीतपासणी : सरतपासणी, उलटतपासणी व फेरतपासणी

न्यायालयात साक्षीदाराला शपथ दिल्यानंतर त्याची जबानी ज्या तीन टप्प्यांत नोंदविली जाते, त्यांना अनुक्रमे सरतपासणी, उलटतपासणी व फेरतपासणी म्हणतात. साक्षीदाराला बोलाविणाऱ्या पक्षाने केलेली पहिली विचारपूस ती सरतपासणी. त्यानंतर प्रतिपक्षाने केलेली ती उलटतपासणी आणि तिच्यानंतर बोलाविणाऱ्या पक्षानेच पुन्हा केलेली ती फेरतपासणी होय. भारतात हा क्रम जेम्स फिट्सजेम्स स्टीफन याने तयार केलेल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमाने ठरवून दिला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, जुनी कलमे १३७ व १३८ आता १४२ व १४३ झाली. तीन टप्प्यांची रचना मात्र तशीच राहिली.

सरतपासणीचा हेतू मर्यादित आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, ऐकलेले किंवा अनुभवलेले त्याच्याच शब्दांत न्यायालयापुढे यावे एवढाच तो हेतू. म्हणून या टप्प्यात सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात अपेक्षित उत्तर दडलेले आहे असे प्रश्न, प्रतिपक्षाने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नाहीत. ‘त्या रात्री आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती ना?’ हा प्रश्न सूचक होय. ‘त्या रात्री तुम्ही काय पाहिले?’ हा नव्हे. साक्षीदाराचे नाव, गाव, व्यवसाय यांसारख्या प्रास्ताविक किंवा निर्विवाद बाबींपुरती सूट असते, कारण तेथे उत्तर सुचविल्याने कोणाचे नुकसान होत नाही. या नियमामागील भीती खरी आहे. वकिलाने शब्द तोंडात घातले तर जबानी साक्षीदाराची न राहता वकिलाची होते. अशी पढविलेली साक्ष ओळखण्याची एक जुनी खूण म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या असलेल्या तीन-चार साक्षीदारांनी एकच प्रसंग त्याच क्रमाने व जवळजवळ त्याच शब्दांत सांगणे. मात्र भारतीय न्यायालयांत जबानी बहुधा प्रश्नोत्तररूपाने न लिहिता सलग निवेदनाच्या रूपात लिहिली जाते. त्यामुळे मूळ प्रश्न सूचक होता की नाही हे अपिलाच्या न्यायालयाला कागदावरून सहसा कळत नाही. हरकत तेथल्या तेथे घ्यावी लागते ती यासाठीच.

उलटतपासणीचा इतिहास अधिक रंजक आहे. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीला वकील देण्याची प्रथा फार काळ नव्हती. १७३० नंतरच्या दशकांत न्यायाधीश आरोपीच्या वकिलाला फिर्यादी पक्षाच्या साक्षीदारांना प्रश्न विचारू देऊ लागले. परंतु ज्यूरीपुढे भाषण करण्याचा हक्क त्याला १८३६ च्या कायद्यानेच मिळाला. मधल्या शंभर वर्षांत जे भाषणात सांगता येत नव्हते, ते वकील प्रश्नांतून सांगू लागले. आजही उलटतपासणीतील प्रश्न पुष्कळदा विधानासारखे असतात, त्याचे एक मूळ येथे शोधता येईल. या टप्प्यात सूचक प्रश्नांना मुभा आहे, कारण साक्षीदार प्रश्नकर्त्याच्या बाजूचा नसतो आणि सुचविलेले उत्तर तो मुकाट्याने स्वीकारील असा धोका कमी असतो.

उलटतपासणीने साधावयाच्या गोष्टी मुख्यतः दोन : साक्षीदाराच्या सांगण्यातून आपल्या बाजूला उपयोगी असे जे काही असेल ते काढून घेणे आणि जे प्रतिकूल आहे त्याची विश्वसनीयता तपासणे. यांपैकी दुसरी गोष्ट कशी साधली जाते, हे पार्नेल आयोगापुढील रिचर्ड पिगट याच्या साक्षीवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या उदाहरणावरून होईल.

आयर्लंडचे नेते चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांच्यावर लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाने १८८७ मध्ये एक लेखमाला प्रसिद्ध केली. तिचा आरंभ ७ मार्च रोजी झाला आणि १८ एप्रिल रोजी पार्नेल यांच्या सहीचे म्हणून एक पत्र ठसा घेऊन छापण्यात आले. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये ६ मे १८८२ रोजी झालेल्या दोन उच्च अधिकाऱ्यांच्या खुनांचे त्या पत्रात अंशतः समर्थन होते. आरोपांच्या चौकशीसाठी १८८८ मध्ये तीन न्यायाधीशांचा आयोग नेमण्यात आला. सर जेम्स हॅनन अध्यक्ष होते. ही व अशीच इतर पत्रे मिळवून देणारा मनुष्य म्हणजे डब्लिनचा पत्रकार पिगट. फेब्रुवारी १८८९ मध्ये ॲटर्नी जनरल सर रिचर्ड वेब्स्टर यांनी त्याची सरतपासणी घेतली. पत्रे आपणास पॅरिसमध्ये कशी सापडली याची हकीकत त्याने सांगितली. ती ऐकताना विचित्र वाटली तरी अंतर्गत विसंगतीने ती कोसळत नव्हती. सरतपासणीचे हेच मर्म आहे : बनावट हकीकतही तेथे सुसंगत दिसू शकते, कारण तीमधून कोणता प्रश्न वगळला आहे हे कोणी विचारीत नाही.

पार्नेल यांचे वकील सर चार्ल्स रसेल २१ फेब्रुवारी रोजी उभे राहिले. त्यांनी पत्रांविषयी प्रथम काहीच विचारले नाही. साक्षीदाराला एक कोरा कागद देऊन त्यांनी त्याला काही शब्द लिहावयास सांगितले : ‘लाइव्हलीहुड’, ‘लाइकलीहुड’, त्याचे स्वतःचे नाव, ‘प्रॉसेलिटिझम’, ‘पॅट्रिक ईगन’ हे नाव. शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, ‘हेझिटन्सी’ हा शब्द, पहिले अक्षर लहान लिपीत. आधीचे शब्द मुख्यतः आडोसा होते. खरा रोख शेवटच्या शब्दावर होता, आणि पहिल्या अक्षराची सूचना ही साक्षीदाराचे लक्ष स्पेलिंगवरून अक्षराच्या आकाराकडे वळविणारी होती. पिगटने तो शब्द लिहिताना ‘ए’ अक्षराच्या जागी ‘ई’ घातले. वादग्रस्त पत्रांपैकी एकात हीच चूक होती. ती एकटी योगायोग ठरू शकली असती. पण पिगटने पूर्वी लिहिलेल्या त्याच्या स्वतःच्या खऱ्या पत्रांतही ती आढळत होती. चूक आधी हेरून मगच प्रश्न विचारला गेला, हे येथे लक्षात घ्यावयाचे. उत्तर काय येईल हे ठाऊक नसताना विचारलेला असा प्रश्न प्रश्नकर्त्यावरच उलटला असता.

दुसरा आघात वेगळ्या प्रकारचा होता. लेखमालेतील गंभीर आरोपांची प्रसिद्धीपूर्वी आपणास माहिती नव्हती, असे रसेल यांनी पिगटकडून शपथेवर वदवून घेतले. ते पक्के झाल्यावर त्यांनी त्याच्या हाती त्याचेच एक पत्र दिले. ते डब्लिनचे आर्चबिशप वॉल्श यांना ४ मार्च १८८७ रोजी, म्हणजे पहिल्या लेखाच्या तीन दिवस आधी, लिहिलेले होते. पार्नेल व त्यांचे सहकारी यांच्यावर बालंट येऊ घातले आहे, अशी सूचना त्यात होती. क्रम उलटा असता, म्हणजे पत्र आधी दाखवून प्रश्न मागाहून विचारला असता, तर साक्षीदाराने आपले उत्तर पत्राला जुळवून घेतले असते. १८२० मध्ये राणी कॅरोलाइनच्या प्रकरणात न्यायाधीशांनी दिलेल्या मताप्रमाणे लेखी मजकुराविषयी विचारण्यापूर्वी तो कागद साक्षीदाराला दाखविणे आवश्यक होते. सावध होण्यास मिळणारी ही उसंत इंग्रज वकिलांना जाचक वाटे आणि १८५४ व १८६५ च्या कायद्यांनी ती काढून टाकली. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १४५ नेही (आता कलम १४८) तोच मार्ग स्वीकारला. लेख न दाखविता त्यातील मजकुराविषयी विचारता येते. परंतु त्या लेखाने साक्षीदाराला खोटे पाडावयाचे असेल, तर लेख शाबीत करण्यापूर्वी त्यातील नेमका भाग त्याच्या नजरेस आणून द्यावा लागतो. स्पष्टीकरणाची संधी दिल्याशिवाय कोणाला खोटे ठरवू नये, हा त्यातील विचार. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबाशी साक्षीदाराचा विरोध दाखविताना आपल्याकडे नित्य याच कलमाचा वापर होतो. त्या जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट गाळलेली असणे हाही प्रसंगी विरोध ठरतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या तहसीलदार सिंग खटल्यात सविस्तर तपासला.

मराठी भाषकांनी चालविलेल्या खटल्यांच्या कागदपत्रांत जबानीच्या शेवटी ‘हे म्हणणे खरे नाही की…’ अशा वाक्यांची रांग आढळते. वाचकाला ती निरर्थक वाटते, कारण प्रत्येक सूचना साक्षीदाराने नाकारलेलीच असते. तिचे प्रयोजन हाउस ऑफ लॉर्ड्सच्या १८९३ च्या ब्राउन विरुद्ध डन या निर्णयातून कळते. साक्षीदार खोटे बोलतो असे पुढे म्हणावयाचे असेल, तर तो पिंजऱ्यात असतानाच ते त्याच्या तोंडावर मांडले पाहिजे. एरवी त्याचे ते विधान अविवादित राहिले, असा अर्थ घेतला जाण्याचा संभव असतो. ही सूचना म्हणजे पुरावा नव्हे, हे मात्र विसरले जाते. नाकारलेल्या सूचनेने काहीही सिद्ध होत नाही.

उलटतपासणीला मर्यादाही आहेत. केवळ अपमान करणारे किंवा छळणारे प्रश्न न्यायालय रोखू शकते. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या चारित्र्यावर हल्ला करण्याची मुभा देणारी तरतूद २००२ च्या दुरुस्तीने रद्द झाली; ती तितकी वर्षे टिकली हे आपल्या कायद्याला भूषणावह नव्हते. शिवाय एका साक्षीदाराचा पाडाव म्हणजे संपूर्ण प्रकरणाचा निकाल नव्हे. पार्नेल आयोगाच्या फेब्रुवारी १८९० च्या अहवालाने पत्रे बनावट ठरविली, तरी पार्नेल यांच्या सहकाऱ्यांवरील इतर काही आरोप मान्य केले.

फेरतपासणीचे काम उलटतपासणीत निघालेल्या गोष्टींचा खुलासा करवून घेणे हे आहे. ‘मी त्याला ओळखत नव्हतो’ असे उत्तर आले असेल, तर ‘नावाने ओळखत नव्हता की चेहऱ्याने?’ असे विचारून अर्धवट राहिलेले उत्तर पुरे करता येते. सूचक प्रश्नांना येथेही बंदी असते. फक्त संदिग्ध उत्तरापुरतीच फेरतपासणी करता येते, ही समजूत चुकीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या रम्मी खटल्यात सांगितले. उलटतपासणीत आलेल्या कोणत्याही बाबीवर खुलासा आवश्यक वाटल्यास तो मागता येतो. अगदी नवा विषय मात्र न्यायालयाच्या परवानगीनेच काढता येतो आणि मग त्या विषयापुरती पुन्हा उलटतपासणी करण्याचा हक्क प्रतिपक्षाला मिळतो. अननुभवी वकील उलटतपासणीत झालेली प्रत्येक हानी फेरतपासणीत भरून काढू पाहतो आणि लहान भेग रुंद करून बसतो. मुरलेले वकील पुष्कळदा ‘फेरतपासणी नाही’ एवढेच सांगून खाली बसतात.

पिगटच्या बाबतीत हा टप्पा आलाच नाही. २३ फेब्रुवारीला, शनिवारी, त्याने संसदसदस्य हेन्री लाबूशेर यांच्या घरी पत्रे आपणच बनविल्याची कबुली दिली. २६ तारखेस, मंगळवारी, उलटतपासणी पुढे चालावयाची होती. नावाचा पुकारा झाला तेव्हा पिंजरा रिकामा होता. तो पॅरिसमार्गे माद्रिदला पळाला होता आणि १ मार्च रोजी, त्याला पकडण्यास माणसे आली असता, त्याने पिस्तुलाने आत्महत्या केली. तत्पूर्वीच ॲटर्नी जनरलनी ती पत्रे पुराव्यातून मागे घेतली होती.