गुन्हा कुणाचा, माफी कुणाची?

नांदेड-लातूरकडच्या गावांत भांडण झालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गावातलं गावात मिटवू." आज आम्हाला या वाक्यातल्या 'मिटवू' या क्रियापदाचा कर्ता शोधायचा आहे. मिटवायचा अधिकार कुणाचा? गावाचा, ज्याला मार बसला त्याचा, की सरकारचा? याचं उत्तर गेल्या दोन-अडीचशे वर्षांत बदलत आलंय.

मराठेशाहीत याचं उत्तर गावाकडे होतं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि जाणती माणसं मिळून गोत बसे. निवाड्याआधी दोन्ही पक्षांकडून 'गोत सांगेल ते मान्य' असं लिहून घेत, आणि त्या कागदाला राजीनामा म्हणत. (आज मंत्री देतात तो राजीनामा वेगळा, शब्द तोच, अर्थ पार फिरला!) जिंकणाऱ्याने सरकारला हरकी द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची. म्हणजे सरकार पैसे घेई, पण मिटवण्याचं काम समुदायाचं.

इस्लामी न्यायशास्त्राची मांडणी निराळी. तिथे खून हासुद्धा आधी मृताच्या वारसांचा प्रश्न. त्यांनी बदला मागावा, रक्ताची भरपाई घ्यावी किंवा माफ करावं. कंपनीच्या बंगालमध्ये हीच व्यवस्था चालू होती, आणि 1790 साली कॉर्नवालिसने वारसांचा माफीचा हक्क काढून घेतला. खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरला. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वळण फार मोठं वाटतं, कारण तिथे मेलेल्या माणसाच्या दुःखाचा मालकच बदलला.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची दंडसंहिता वेगळी होती. हिंदुस्थानची दंडसंहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता इथे लागू झाली ती 1 एप्रिल 1951 पासून. तिच्यासोबत एक तक्ता आला, आणि आजचा विषय त्या तक्त्याचा आहे.

हा तक्ता आधी कलम 345 मध्ये होता, 1973 च्या संहितेत 320 मध्ये गेला, आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. त्याचे दोन भाग. पहिल्यातले गुन्हे कोर्टाच्या परवानगीशिवाय आपसात मिटवता येतात, दुसऱ्यातले परवानगीनेच. दोन्ही भागांत तीन रकाने आहेत: गुन्हा, कलम आणि मिटवू शकणारी व्यक्ती. आमच्या मते सगळा कायदा त्या तिसऱ्या रकान्यात आहे. मारहाण असेल तर तिथे मार खाणाऱ्याचं नाव, शिवीगाळ असेल तर अपमान झालेल्याचं, शेतात घुसखोरी असेल तर ताबा असणाऱ्याचं. गावाचं किंवा पंचांचं नाव कुठेच नाही. आणि तक्त्यात जो गुन्हा नाही, तो कुणालाच मिटवता येत नाही, असं कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय.

आता एक प्रसंग कल्पून बघू. औसा तालुक्यातलं एखादं गाव घ्या. दोन चुलतभाऊ, मधे सामाईक बांध. एकाने नांगरटीत बांध कोरला. दुसरा त्याच्या शेतात घुसला, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, "जिवंत ठेवत नाही" म्हणाला, थोबाडीत मारली. सालगडी सोडवायला मधे पडला, तर त्याच्या दंडावर विळा ओढला गेला. दोन बोटं लांबीची जखम, चार टाके.

गावात तंटामुक्ती समिती आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला राज्यात सुरू झाली, तेव्हापासून अशा समित्या गावोगाव झाल्या. समिती दोघांना बसवते. बांधाची सरकारी मोजणी करायची, औषधपाण्याचा खर्च द्यायचा, असं ठरतं. हे चांगलंच झालं. पण खटला उभा असेल तर समितीच्या वहीतल्या सह्यांनी तो संपत नाही. मार खाणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे तडजोडीची पुरसीस द्यायची, कोर्ट त्याला विचारणार की हे स्वखुशीने आहे ना. शिव्या, धमकी, थोबाडीत, घुसखोरी, हे सगळं तिथे मिटतं. आणि मिटलं की आरोपी निर्दोष सुटतो. मिटवण्याचा कायदेशीर परिणाम तोच आहे.

राहिला विळा. धारदार हत्याराने केलेली साधी दुखापत, म्हणजे जुनं कलम 324, पूर्वी कोर्टाच्या परवानगीने मिटत असे. 31 डिसेंबर 2009 पासून ते तक्त्यातून गेलं, आणि नव्या संहितेतही परत आलं नाही. गंमत बघा, हाताने मारून कुणाचं हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत. ती परवानगीने मिटते. विळ्याचा ओरखडा मिटत नाही! हत्यार वापरण्याची वृत्ती रोखायची, असा युक्तिवाद करता येईल, पण चार टाक्यांच्या जखमेसाठी तो आम्हाला पटत नाही.

मग वाट उरते उच्च न्यायालयाची. लातूर-नांदेडकरांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ग्यानसिंग खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जिथे तंटा मुळात खाजगी आहे तिथे तक्त्याबाहेरचा खटलाही उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात रद्द करू शकतं. मात्र खून, बलात्कार, दरोडा यांत तडजोड झाली म्हणून नाही. पण चार टाक्यांसाठी वकील लावून तिथे कोण जाणार? म्हणून प्रत्यक्षात दुसरंच होतं. साक्षीच्या दिवशी सालगडी म्हणतो, "विळा कुणाचा होता, दिसलं नाही." पंच म्हणतो, "सही केली, पण वाचलं नव्हतं." फिर्यादी, जखमी आणि पंच एकाच तारखेला फितूर झाले, तर मिटलंय हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. कायद्याने दार बंद केलं, आणि माणसं शपथेवर खोटं बोलून खिडकीतून गेली.

पण याच प्रसंगात एक तपशील बदला. सालगडी दलित आहे आणि विळा ओढताना त्याला चारचौघांत जातीवरून शिवी दिली गेली. आता अॅट्रॉसिटी कायदा लागतो. 1989 चा हा कायदा तक्त्यात नाही. तिसऱ्या रकान्यात सालगड्याचं नाव नाही, कारण तिथे कुणाचंच नाव नाही. कुणी म्हणेल, त्याला माफ करायचं असेल तर? आमचा उलटा प्रश्न आहे: त्याचं वर्षाचं साल ज्याच्याकडे आणि उचल ज्याच्याकडून, त्याच्याच ओट्यावर बसून दिलेला होकार होकार कसा मानायचा? 1978 च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा खून झाला. त्या दिवसांत गावोगाव जे जगले, त्यांना 'गावातलं गावात' या शब्दांचा अर्थ वेगळा ऐकू येतो. रकाना रिकामा ठेवण्याने त्या माणसावरचा दबाव थोडा कमी होतो. "माझ्या हातात नाही, सरकारचा खटला आहे" असं तो म्हणू शकतो.

अर्थात सरकारच्या हातातही एक गोष्ट आहे. सरकारी वकील कोर्टाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो. 1995 साली आलेल्या युती सरकारने मराठवाड्यातले अॅट्रॉसिटीचे हजारावर खटले, ते खोटे आहेत असं म्हणून, मागे घेण्याचं ठरवलं. काही खोटे असतीलही. पण ते खोटे की खरे हे ठरवायला कोर्ट होतं, आणि ज्यांनी फिर्याद दिली होती त्यांची नावं त्या निर्णयाच्या रकान्यातही नव्हती.